पीव्ही लूपचा एरिया ५५ आणि वजन उचललं ४४ : मधले ११ मिलिज्यूल गेले कुठे

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला एक छोटं हवेचं इंजिन असतं, बऱ्याच कॉलेजांत आता ते आलंय. काचेचं उभं सिलिंडर, त्यात ग्रॅफाइटचा पिस्टन, वर वजन ठेवायला छोटी बैठक, आणि सिलिंडरला नळीने जोडलेला ॲल्युमिनियमचा हवाबंद डबा. डबा गार पाण्यात ठेवला की पिस्टन खाली, गरम पाण्यात ठेवला की वर. एवढंच इंजिन. पण यात एक गोष्ट अशी आहे की जी पुस्तकातल्या कार्नो सायकलच्या गुळगुळीत चित्रात कधी कळत नाही, म्हणून हे एक प्रकरण सगळ्या आकड्यांसकट लिहितोय.

पुण्यातल्या एका लॅबमधला हा ग्रुप. सिलिंडरचा आतला व्यास ३२.५ मिमी, म्हणजे पिस्टनचा एरिया ८.३ चौरस सेंमी. पिस्टन आणि बैठक मिळून ३५ ग्रॅम. उचलायचं वजन २०० ग्रॅम. डब्याचा व्हॉल्यूम १५० सीसी, नळीत साधारण १० सीसी. गार पाणी म्हणजे नळाचंच, २७ अंश, आणि गरम पाणी ८२ अंश. प्रेशर सेन्सर नळीला जोडलेला, पिस्टनची उंची सिलिंडरवरच्या पट्टीवर वाचायची.

सायकल अशी. डबा गार पाण्यात, बैठकीवर वजन नाही, ही अवस्था अ. मग २०० ग्रॅम ठेवलं, पिस्टन जरा खाली बसला, ही ब. मग डबा उचलून गरम पाण्यात, पिस्टन वजनासकट वर गेला, ही क. वजन काढून घेतलं, पिस्टन अजून थोडा वर, ही ड. आणि डबा परत गार पाण्यात, पिस्टन खाली, परत अ. प्रत्येक ठिकाणी पिस्टन पूर्ण थांबेपर्यंत वाट बघून मगच रीडिंग घेतलं, हे त्यांनी अगदी नीट केलं होतं.

उंची आल्या त्या अशा: अ ला ३०.० मिमी, ब ला २४.५, क ला ५२.५, ड ला ५८.०. प्रेशर अ आणि ड ला ९५.४ किलोपास्कल, ब आणि क ला ९७.८. (९५ बघून दचकू नका, पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे १०१.३ येणारच नाही, आणि आलं तर सेन्सरचं कॅलिब्रेशन तपासायला घ्यायचं.)

आता ग्राफ काढायचा, आडवा व्हॉल्यूम आणि उभं प्रेशर, म्हणजेच पीव्ही लूप, त्याच्या आतला एरिया म्हणजे एका सायकलमध्ये गॅसने केलेलं काम. इथे पहिली अडचण आली ती स्केलची, ती जवळपास सगळ्यांनाच येते. वाय ॲक्सिस शून्यापासून सुरू केला तर ९५.४ आणि ९७.८ मधलं अंतर दिसतच नाही, सगळा लूप एका आडव्या दोऱ्यासारखा होतो. मग ॲक्सिस ९५ पासून सुरू करावा लागतो आणि लगेच प्रश्न येतो की असं खालचं कापलं तर एरिया चुकणार नाही का. नाही चुकत, कारण आपल्याला रेघेखालचा एरिया नकोय, लूपच्या आतला हवाय. सगळ्या बिंदूंच्या प्रेशरमधून ९५ वजा केले तरी लूप तसाच्या तसा खाली सरकतो, आकार बदलत नाही. व्हॉल्यूमचंही तेच, डब्याचे १५० आणि नळीचे १० सीसी मिळवा किंवा नका मिळवू, लूप फक्त डावी-उजवीकडे सरकतो. त्यामुळे नळीचा व्हॉल्यूम नक्की किती याची चिंता कामाच्या हिशोबासाठी करायची गरजच नाही, नुसती पिस्टनची उंची गुणिले ८.३ केलं की पुरे. म्हणजे अ ला २४.९ सीसी, ब ला २०.३, क ला ४३.६, ड ला ४८.१.

ग्राफ पेपरवर त्यांनी उभं १ सेंमी म्हणजे अर्धा किलोपास्कल आणि आडवं १ सेंमी म्हणजे ५ सीसी घेतलं. चांगलं स्केल आहे हे, लूप साधारण पावणेपाच बाय साडेचार सेंमीचा येतो, हाताळायला सोपा. आणि किलोपास्कल गुणिले सीसी म्हणजे थेट मिलिज्यूल होतं, (हजार गुणिले दशलक्षांश म्हणजे सहस्रांश), त्यामुळे मध्ये कुठे दहाचे घात लिहीत बसावं लागत नाही. एका चौरस सेंमीला २.५ मिलिज्यूल.

चार बिंदू जोडले की तिरका समांतरभुज चौकोन दिसतो: ब वर डावीकडे, क वर उजवीकडे, ड खाली उजवीकडे, अ खाली डावीकडे, आणि आपण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतोय, म्हणजे गॅस बाहेर काम करतोय. ब-क आणि ड-अ या रेघा आडव्या का, तर तेव्हा वरचं वजन बदलत नाही म्हणून प्रेशर स्थिर. अ-ब आणि क-ड किंचित वक्र असायला हव्यात, पण प्रेशर अडीच टक्केच बदलतंय तर तो बाक पेन्सिलीच्या जाडीत हरवतो, सरळ रेघ मारली तरी चालते.

एरिया मोजला: उंची २.३६ किलोपास्कल (हे २०० ग्रॅमचं वजन भागिले पिस्टनचा एरिया, १.९६ न्यूटन भागिले ८.३ चौरस सेंमी, सेन्सरच्या शेवटच्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचं), रुंदी ब ते क २८ मिमी गुणिले ८.३ म्हणजे २३.२ सीसी. गुणाकार ५५ मिलिज्यूल. चौकटी मोजूनही बावीसच्या जवळ चौरस सेंमी आले, म्हणजे तेच.

काही जण इथे एक शॉर्टकट मारतात, वर जाताना गॅसने केलेलं काम वेगळं काढतात, खाली येताना गॅसवर झालेलं वेगळं, आणि वजाबाकी. तत्त्व बरोबर आहे पण आकडे बघा: वर जाताना ९७.८ गुणिले २३.२ म्हणजे २.२७ ज्यूल, परत येताना ९५.४ गुणिले २३.२ म्हणजे २.२१ ज्यूल, फरक ०.०६. दोन मोठे आकडे गोल करून वजा केले तर उरतो तो सगळा राउंडिंगचा गाळ. पण या दोन आकड्यांत एक समजून घेण्यासारखी गोष्ट आहे, गॅस वर जाताना सव्वादोन ज्यूल काम करतो त्यातलं बहुतेक सगळं बाहेरच्या वातावरणाला ढकलण्यात जातं आणि पिस्टन खाली येताना वातावरण ते परत करतं. लूपचा एरिया म्हणजे या देण्याघेण्यातून खरोखर शिल्लक राहिलेली रक्कम.

इथपर्यंत सगळं ठीक. मग त्यांनी पडताळा घेतला, जो घ्यायलाच हवा, कारण या उपकरणाची खरी मजा तीच आहे की काम दुसऱ्या वाटेनेही मोजता येतं. वजन ठेवलं तेव्हा पिस्टन ३०.० वर होता, काढलं तेव्हा ५२.५ वर. म्हणजे २०० ग्रॅम वजन २२.५ मिमी उचललं गेलं. एमजीएच केलं, १.९६ गुणिले ०.०२२५, आले ४४ मिलिज्यूल.

५५ आणि ४४. वीस टक्के फरक.

जर्नलमध्ये काय लिहिलं? "सर, बाकीची ऊर्जा घर्षणात गेली." हे वाक्य मी इतक्या जर्नल्समध्ये वाचलंय की विचारूच नका, आणि माझं म्हणणं एवढंच की घर्षणात गेली असं लिहायच्या आधी ग्राफला विचारा ना, तो सांगतो. कसं ते बघू. घर्षण नेहमी हालचालीच्या उलट असतं. पिस्टन वर जात असताना गॅसला वजनाच्या वर घर्षणाचंही बळ पुरवावं लागेल, म्हणजे वरची रेघ अजून वर सरकेल. खाली येताना घर्षण पिस्टनला अडवेल, गॅसचं प्रेशर जरा कमी झाल्याशिवाय तो खाली येणार नाही, म्हणजे खालची रेघ अजून खाली. थोडक्यात घर्षण असलं तर लूप उंच होतो, २.३६ पेक्षा उंच. ११ मिलिज्यूल घर्षणात जायला, वर २८ मिमी आणि खाली २८ मिमी अशा प्रवासात साधारण ०.२ न्यूटन घर्षण हवं, त्याने दोन्ही बाजूंना पाव किलोपास्कलच्या आसपास फरक पडला असता आणि लूपची उंची २.८ दिसली असती. सेन्सरने दाखवली २.४. म्हणजे घर्षण नाही. ग्रॅफाइट आणि काच ही जोडी घेतात तीच त्यासाठी. (आणि म्हणूनच त्यात तेल घालू नये, तेलाने उलट पिस्टन चिकटतो.)

दुसरा संशय गळतीचा. पिस्टन आणि काच यांच्यातून हवा थोडी थोडी निसटतेच, ते ग्राफवर लगेच दिसतं कारण लूप बंद होत नाही. त्यांचाही झाला नव्हता, परत अ ला आल्यावर उंची ३०.० ऐवजी २९.० आली होती. मग लूप बंद कसा करायचा, खालची रेघ २८ मिमीची धरायची की २९ ची? दोन्ही धरून बघितलं तर एरियात १ मिलिज्यूलच्या आसपास फरक पडतो. म्हणजे गळती आहे, पण ती ११ चा हिशोब देऊ शकत नाही. तिला अनिश्चितता म्हणून लिहायचं, ५५ अधिक-उणे १, बस. जर उंची ५-६ मिमीने कमी आली असती तर मात्र रीडिंग टाकून देऊन नळीचे जोड बघायला लागले असते.

मग आता? मी त्यांना म्हटलं ग्राफवर अ मधून सरळ वर एक उभी रेघ मारा आणि क मधून सरळ खाली एक. त्या रेघांनी चौकोनाचे तीन तुकडे झाले: डावीकडे एक त्रिकोण, उजवीकडे एक त्रिकोण, आणि मध्ये आयत. आयताची रुंदी अ ते क, १८.७ सीसी, उंची २.३६. गुणाकार ४४ मिलिज्यूल!

प्रत्येक त्रिकोण साडेपाचच्या जवळ, दोन मिळून ११. हरवलेले ११ तेच आहेत आणि त्यांची जागासुद्धा कळली, डब्याच्या गरम-गार होण्यात ते गेलेच नाहीत, वजन ठेवताना आणि काढताना गेले.

कसं ते जरा नीट सांगतो कारण मुद्दा हाच आहे. अ ला २०० ग्रॅम एकदम ठेवलं. त्या क्षणी आत गॅसचं प्रेशर ९५.४ च आहे, पण बाहेरून मात्र ९७.८ चा दाब आला. ही दोन प्रेशर जुळत नाहीत, म्हणून पिस्टन दणकन खाली जातो, दोन-चार हेलकावे खातो आणि थांबतो. वजन साडेपाच मिमी खाली आलं म्हणजे त्याने जवळपास ११ मिलिज्यूल दिले. पण गॅसला दाबायला (वातावरणाचा आणि बैठकीचा वाटा सोडून) लागले किती? गॅसचा प्रतिकार शून्यापासून वाढत वाढत २.३६ पर्यंत गेला, सरासरी निम्मा, म्हणजे लागले साडेपाच. उरलेले साडेपाच हेलकाव्यांत संपले, शेवटी उष्णता होऊन गार पाण्यात गेले. तो डावा त्रिकोण. क ला उलटं: वजन पटकन काढलं, गॅस अजून पसरायला तयार आहे, त्याच्यात अजून जोर आहे, पण आता वर उचलायला काहीच नाही. नुसती बैठक वर गेली, आणि गॅसचा जास्तीचा जोर परत हेलकाव्यात गेला. तो उजवा त्रिकोण.

म्हणजे त्यांनी मोजलेले ५५ चुकीचे होते का? नाही, पण चार बिंदू सरळ रेघेने जोडताना आपण गृहीत धरलं की अ ते ब गॅस सावकाश, प्रत्येक क्षणी समतोलात राहून गेला. प्रत्यक्षात तो तसा गेला नाही. अ आणि ब हे दोन बिंदू खरे आहेत, मधली रेघ मात्र आपण काढलेली आहे. पीव्ही डायग्रामवर बिंदू मोजलेले असतात आणि रेघा गृहीत धरलेल्या असतात हे ज्याला कळलं त्याला अर्धं थर्मोडायनॅमिक्स कळलं असं मला मनापासून वाटतं.

हे खरं आहे का ते तपासायचं सोपं आहे. २०० ग्रॅमच्या एका वजनाऐवजी २० ग्रॅमच्या दहा चकत्या घेतल्या. एकेक ठेवायची, पिस्टन थांबू द्यायचा, उंची लिहायची, मग पुढची. क ते ड मध्ये तशाच एकेक काढायच्या. आता पहिली चकती ३०.० वर ठेवली जाते पण शेवटची जवळजवळ २५ वर, आणि काढताना पहिली ५२.५ ला तर शेवटची साडेसत्तावन्नला. प्रत्येक चकती किती उचलली गेली ते वेगवेगळं काढून बेरीज केली. हिशोबाने यायला हवेत ५३.८ मिलिज्यूल, कारण आता दोन मोठ्या त्रिकोणांच्या जागी बारीक बारीक दातेरी त्रिकोण उरतात आणि त्यांचा एकूण एरिया दहावा हिस्सा होतो, ११ चा १.१. त्यांचे आले ५३ च्या जरा वर. थोडे कमी का, तर चकत्या ठेवण्यात वेळ जातो आणि तेवढा वेळ गळती चालू राहते. अजून बारीक करायचं म्हटलं, समजा वाळू ओतायची, तर नुकसान अजून कमी होईल पण गळती वाढेल. या उपकरणात दहा चकत्या हा बरा मध्य आहे.

ज्यांच्याकडे सेन्सर सलग रेकॉर्ड करतो (प्रेशर आणि पिस्टनची उंची दोन्ही) त्यांना हाताने चौकटी मोजायची गरज नाही. शीटमध्ये ए कॉलमला व्हॉल्यूम, बी कॉलमला प्रेशर, आणि सी कॉलममध्ये हे:

```
=(A3-A2)*(B3+B2)/2
```

खाली ओढायचं, शेवटचा बिंदू म्हणून पहिलाच परत लिहायचा म्हणजे लूप बंद होतो, आणि सी ची बेरीज म्हणजे काम. बेरीज उणे आली तर बिंदूंचा क्रम उलटा लागलाय. एकच सांगणं आहे, वजन एकदम ठेवलेला सलग ट्रेस घेतला तर अ-ब ची रेघ सरळ दिसत नाही. हवा पटकन दाबली जाते तेव्हा थोडी तापते, म्हणून पिस्टन आधी चारेक मिमीच खाली जातो, आणि उरलेला दीडेक मिमी ती हवा गार होईल तसा सावकाश उतरतो. तेव्हा ट्रेस आधी तिरका वर जातो आणि मग आडवा डावीकडे सरकतो. क-ड ला त्याचंच उलटं. लूपचे दोन कोपरे त्याने थोडे खाल्ले जातात, एरिया ५५ च्या खाली येतो. हा सेन्सरचा दोष नाही, उलट तो मधली रेघ खरी कशी होती ते दाखवतोय.

एफिशियन्सी विचारतातच, तर तीही. ब ते क स्थिर प्रेशरला हवेला निदान साडेतीन गुणिले प्रेशर गुणिले व्हॉल्यूममधला फरक इतकी उष्णता लागते, म्हणजे साधारण ८ ज्यूल. ५५ मिलिज्यूल भागिले ८ ज्यूल, एक टक्क्याच्याही खाली, ०.७ च्या आसपास. त्याच दोन तापमानांमध्ये कार्नोची मर्यादा साडेपंधरा टक्के आहे. आणि यात ॲल्युमिनियमचा डबा तापवायला लागलेली उष्णता धरलेलीच नाही. इतकी कमी का, तर लूप बुटका आहे, प्रेशर अडीच टक्केच वाढतंय.

मग वजन वाढवू, लूप उंच होईल, असं ग्रुपमधल्या एकीने विचारलं आणि प्रश्न फार चांगला होता. कागदावर करून बघितलं. ब ते क पिस्टन किती वर जातो हे वजनावर अवलंबून नाही, डब्याचा व्हॉल्यूम आणि दोन तापमानं तीच तर उंची २८ मिमीच. त्यामुळे लूपचा एरिया वजनाच्या प्रमाणात वाढतो, ४०० ग्रॅमला ११० मिलिज्यूल. पण वजन एकदम ठेवलं तर ते आधी खाली किती जातं तेही वाढतं, आणि दोन त्रिकोणांची उंची आणि रुंदी दोन्ही वाढत असल्याने त्यांचा एरिया जवळपास वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४०० ग्रॅमला उचलण्याचं काम ६८ च्या आसपासच. साधारण ५५० ग्रॅमला ते सगळ्यात जास्त होतं, ७४ मिलिज्यूल, आणि तिथून पुढे वजन वाढवलं की काम कमी व्हायला लागतं. १ किलो १५० ग्रॅमच्या आसपास अशी वेळ येते की वजन ठेवल्यावर पिस्टन २८ मिमी खाली जातो आणि गरम पाण्यात २८ मिमी वर येतो, म्हणजे जिथे ठेवलं तिथेच वजन परत आलं. चार बिंदू सावकाशच्या रेघांनी जोडले तर लूपचा एरिया ३०० मिलिज्यूलच्या वर भरतो, आणि उचललेलं काम शून्य. तेच वजन चकत्याचकत्यांनी ठेवलं तर त्या ३०० मधले बहुतेक सगळे हातात येतात.